दोन तुकड्यांचा निकाल एकाच आलेखावर मांडा

सहामाहीचे पेपर तपासून झाले की सांगली-साताऱ्याकडच्या हायस्कुलांत निकाल विश्लेषणाचा तक्ता भरायला घेतात. पट किती, हजर किती, उत्तीर्ण किती, शेकडा निकाल, सरासरी. अलीकडे त्याला दोन आयतालेखही जोडलेले दिसतात. अ तुकडीचा एक आणि ब तुकडीचा एक, वेगवेगळ्या कागदांवर छापून फळ्यावर शेजारी शेजारी लावलेले. मग त्या दोन कागदांकडे आलटून पालटून बघत ठरतं, की जादा तास कुणाला द्यायचे आणि कुणाच्या शिकवण्याबद्दल विचारणा करायची.

माझा आक्षेप त्या दोन कागदांना आहे. आयतालेख वाईट नाही. एका तुकडीचे गुण कसे पसरलेत हे दाखवायला तो उत्तमच आहे. पण प्रश्न जेव्हा ‘या दोन तुकड्यांत फरक काय’ असा असतो, तेव्हा दोन सुटे आयतालेख त्याचं उत्तर देत नाहीत, पुष्कळदा चुकीचंच देतात. त्या जागी दोन्ही तुकड्यांचे वारंवारता बहुभुज एकाच अक्षांवर, एकावर एक आणि शेकडेवारीत काढावेत. दहावीच्या बीजगणितात आयतालेख आणि बहुभुज दोन्ही शिकवतो. परीक्षेतला प्रश्न सुटला की बहुभुज मात्र वहीतच राहतो, शिक्षक-खोलीपर्यंत पोचत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी बेतलेले आहेत, पण अशा तुकड्या नव्या नाहीत. नववीचा बीजगणिताचा पेपर, गुण ४०. अ तुकडीत ५० मुलं, ब मध्ये ४०. पाच-पाच गुणांचे वर्ग पाडले तर वारंवारता अशी:

| गुण | अ (५०) | ब (४०) | अ टक्के | ब टक्के |
|---|---|---|---|---|
| ०–५ | १ | १ | २ | २.५ |
| ५–१० | ३ | ५ | ६ | १२.५ |
| १०–१५ | ७ | ९ | १४ | २२.५ |
| १५–२० | ११ | ४ | २२ | १० |
| २०–२५ | १३ | ३ | २६ | ७.५ |
| २५–३० | ९ | ९ | १८ | २२.५ |
| ३०–३५ | ४ | ७ | ८ | १७.५ |
| ३५–४० | २ | २ | ४ | ५ |

वर्गमध्य धरून सरासरी काढली तर दोन्हीकडे नेमकी २१ येते. तक्त्यात ‘२१’ आणि ‘२१’ शेजारी शेजारी पडतात आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, दोन्ही तुकड्या सारख्याच आहेत. इथूनच घोळ सुरू होतो.

आता दोन आयतालेख काढा. एक्सेलला उभा अक्ष स्वतः ठरवू दिला, तर अ चा सर्वांत उंच स्तंभ १३ चा म्हणून तो अक्ष १४ पर्यंत नेईल आणि ब चा ९ चा म्हणून १० पर्यंत. चित्र सात सेंटिमीटर उंच छापलं तर अ चा १३ चा स्तंभ साडेसहा सेंटिमीटरचा होतो आणि ब चा ९ चा स्तंभ ६.३ सेंटिमीटरचा. तेरा आणि नऊ डोळ्यांना जवळपास सारखे! अक्षावरचे आकडे कुणी वाचत नाही असं नाही. पण उभ्याने, घाईत, चहाचा कप हातात घेऊन बघणारा माणूस स्तंभांची उंची बघतो, अक्ष नाही.

अक्ष सारखे केले तरी दुसरी अडचण राहतेच. २०–२५ या वर्गात अ पुढे आहे की ब हे बघायचं, तर नजर एका कागदावरून उचलून दुसऱ्यावर तोच वर्ग शोधायचा, आणि मधल्या काळात पहिली उंची लक्षात ठेवायची. आठ वर्गांसाठी आठ वेळा. हे कुणी करत नाही. प्रत्येक चित्राचा एक ठसा मनात राहतो आणि आपण ठशांची तुलना करतो.

मग आयतालेखच एकावर एक का काढू नयेत? कारण पुढचा स्तंभ मागच्याला झाकतो. मागचा ठेंगणा असेल तर तो दिसतच नाही. रंग अर्धपारदर्शक केले तर जिथे दोन्ही येतात तिथे तिसराच रंग उमटतो आणि ही तिसरी तुकडी कुठली, असं विचारायची पाळी येते. स्तंभ शेजारी शेजारी उभे करून जोडस्तंभालेख काढता येतो, पण त्यात वर्गांची सलगता मोडते, स्तंभ आपल्या वर्गाच्या जागेवरून सरकतात आणि पसरणीचा आकार हाती लागत नाही. बहुभुजाला ही अडचण नाही. तो प्रत्येक वर्गात एकच बिंदू मागतो. दोन रेषा एकमेकींना झाकत नाहीत, फक्त छेदतात. आणि त्या कुठे छेदतात, हीच तर तुलनेतली खरी माहिती आहे.

कागदावर काढायचं असेल तर आलेख कागद आडवा धरा. आडव्या अक्षावर २ सेंमी = ५ गुण, उभ्या अक्षावर १ सेंमी = २.५ टक्के हे प्रमाण सोयीचं पडतं, कारण मग वर्गमध्य वर्गाच्या सुरुवातीपासून बरोबर एक सेंटिमीटरवर येतो आणि सर्वांत उंच बिंदू, अ चा २६ टक्के, १०.४ सेंटिमीटरवर. वर्गमध्य २.५, ७.५, १२.५ असे ३७.५ पर्यंत. प्रत्येक वर्गमध्यावर त्या तुकडीची शेकडेवारी ठेवा आणि बिंदू पट्टीने जोडा. आधी अ ची पूर्ण रेषा काढा, मग ब ची. दोन्ही एकदम काढायला गेलं की छेदाजवळ हात हमखास चुकतो आणि अ चा बिंदू ब ला जोडला जातो.

रेषा दोन्ही टोकांना शून्यावर आणायची, म्हणजे पहिल्या वर्गाच्या आधीच्या रिकाम्या वर्गाच्या मध्यावर, उणे २.५ वर, आणि शेवटच्या पुढच्या ४२.५ वर. उणे अडीच गुण कुणाला पडले, असं पालकसभेत कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्तच आहे. त्या टोकांवर कुणीच नाही, ती फक्त क्षेत्रफळ जुळवण्यासाठी आहेत. वर्गांची रुंदी सारखी असली की बहुभुज उंच स्तंभाचा जेवढा कोपरा कापतो, तेवढाच त्रिकोण शेजारच्या बुटक्या स्तंभावर चढवतो. टोकं मिटवली तरच हा हिशोब पुरा होतो आणि बहुभुजाखालचं क्षेत्रफळ आयतालेखाएवढं भरतं. दोन्ही तुकड्या शेकडेवारीत असल्याने मग दोन्ही आकृत्यांचं क्षेत्रफळही सारखं येतं. जिथे एक रेषा वर जाते तिथली भरपाई तिला दुसरीकडे खाली जाऊन करावीच लागते. तुलना न्याय्य ठरते ती यामुळे.

मुलांची संख्या न घेता टक्के का घ्यायचे, हे याच उदाहरणात दिसतं. नुसती संख्या घेतली तर ०–५, २५–३० आणि ३५–४० या तीन वर्गांत दोन्ही रेषा एकाच बिंदूवर येतात: १ आणि १, ९ आणि ९, २ आणि २. पण पन्नासातले नऊ म्हणजे १८ टक्के आणि चाळिसातले नऊ म्हणजे २२.५. संख्येच्या आलेखात मोठी तुकडी सगळीकडेच वर उचलली जाते आणि पटातला फरक गुणांतला फरक म्हणून खपतो. दोन्ही तुकड्यांचा पट अगदी सारखा असेल तरच संख्या चालेल, आणि तसा तो क्वचितच असतो.

आता चित्र बघा. अ ची रेषा एकाच टेकडीची: हळूहळू चढते, २२.५ ला माथा, मग उतरते. ब ला दोन टेकड्या आहेत. एक १२.५ वर, दुसरी २७.५ वर, आणि मध्ये २२.५ ला खोल दरी, बरोबर तिथेच जिथे अ चा माथा आहे. रेषा दोनदा छेदतात, एकदा १५ च्या आसपास आणि एकदा २५ च्या थोडं पुढे. या दोन छेदांनी तुलनेचे तीन तुकडे पडतात. १५ च्या खाली अ ची २२ टक्के मुलं, ब ची ३७.५. मधल्या पट्ट्यात, १५ ते २५, अ ची ४८ टक्के आणि ब ची फक्त १७.५. आणि २५ व त्यापुढे अ ची ३०, ब ची ४५. म्हणजे ब एकाच वेळी अ पेक्षा कच्चीही आहे आणि हुशारही. ‘सरासरी २१’ या दोन अक्षरी निकालात हे सगळं गिळलं गेलं होतं, आणि दोन सुट्या आयतालेखांत ब च्या दोन टेकड्या दिसल्या असत्या तरी ती दरी अ च्या माथ्याखालीच आहे हे दिसलं नसतं.

ब मध्ये सरासरीएवढे गुण मिळवणारं मूल जवळपास नाहीच. सरासरी धरून शिकवणारा शिक्षक त्या वर्गात तीन मुलांसाठी शिकवत असतो. दोन टेकड्या दिसल्या की पहिला प्रश्न असा, की या तुकडीत दोन वेगळे गट एकत्र आलेत का? सांगलीतल्या हायस्कुलात आठवीपासून डिग्रज, समडोळी, तुंग अशा गावांतून एसटीने येणारी मुलंही असतात. पाया वेगवेगळ्या शाळांत झालेला असतो. कधी सेमी इंग्रजीतून सोडून आलेली मुलं एकाच तुकडीत टाकलेली असतात. सहामाही दिवाळीआधी होते, ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर येतात, त्यामुळे हंगामी स्थलांतराकडे बोट दाखवणं या परीक्षेपुरतं तरी जमणार नाही. आलेख कारण सांगत नाही. कुठल्या १५ मुलांची नावं हजेरीपटातून काढायची, एवढं तो सांगतो.

संगणकावर करणाऱ्यांसाठी दोन खड्डे आधीच सांगून ठेवतो. पहिला वर्गाच्या सीमेचा. शाळेतल्या रीतीने १५ गुण १५–२० या वर्गात जातात. एक्सेलचं `FREQUENCY` हे सूत्र मात्र वरची सीमा त्याच वर्गात धरतं, म्हणजे १५ वाला १०–१५ मध्ये बसतो, आणि एक्सेलचा तयार आयतालेखही मूळ मांडणीत तेच करतो. पाचाच्या पटीतले गुण मुलांना बरेच पडतात, त्यामुळे सगळी रेषा डावीकडे ओढली जाते आणि हाताने काढलेल्या आलेखाशी जुळत नाही. त्यापेक्षा गुण `B` रकान्यात, वर्गाची खालची सीमा `D` मध्ये, वरची `E` मध्ये ठेवून हे सूत्र वापरा:

```
=COUNTIFS($B$2:$B$51,">="&$D2,$B$2:$B$51,"<"&$E2)/COUNT($B$2:$B$51)*100
```

शेवटच्या वर्गाची वरची सीमा ४० ऐवजी ४१ लिहा, नाहीतर पैकीच्या पैकी मिळवणारं मूल कुठल्याच वर्गात सापडणार नाही आणि टक्क्यांची बेरीज शंभर भरणार नाही. वर्गमध्य मात्र ३७.५ हाच हाताने टाका. सूत्राने काढायला गेलात तर ३८ येईल. गैरहजर मुलापुढे ‘गै.’ लिहा, शून्य नको. `COUNT` अक्षरं मोजत नाही म्हणून ‘गै.’ आपोआप वगळला जातो. शून्य लिहिलं तर परीक्षेला न बसलेलं मूल नापासांच्या टोकाला जाऊन बसतं.

दुसरा खड्डा आलेखाच्या प्रकाराचा. `Scatter with Straight Lines and Markers` निवडा. त्याच्या शेजारचा `Smooth` वाला दिसायला छान असतो, पण वळणं घेताना तो बिंदूंच्या वर-खाली झुकतो. टोकांशी कधी कधी शून्याच्याही खाली जातो, म्हणजे उणे टक्के मुलं. बहुभुज हा सरळ रेषांचाच हवा, कारण दोन वर्गमध्यांमध्ये काय घडतं याची आपल्याला माहिती नसते. सरळ रेघ ते निदान प्रामाणिकपणे सांगते. त्याच कारणाने छेदबिंदू अगदी १४.६ वर आहे असं वाचू नये. ‘पंधराच्या आसपास’ एवढंच म्हणावं. आणि रंगांवर विसंबू नका. हा कागद शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समधून जाणार. एक रेषा सलग, दुसरी तुटक, एकीला गोल बिंदू, दुसरीला त्रिकोण, आणि ‘अ’, ‘ब’ ही अक्षरं रेषेजवळच.

वर्गाची रुंदी हा या सगळ्यातला सर्वांत फसवा निर्णय आहे. वरच्याच गुणांना दहा-दहाचे वर्ग पाडून बघा. ब ची शेकडेवारी १५, ३२.५, ३०, २२.५ अशी होते. दोन टेकड्या गेल्या, दरी बुजली, तुकडी सपाट दिसायला लागली! दरी १५ ते २५ मध्ये होती आणि नव्या वर्गांनी तिचे दोन तुकडे करून एकेक टेकडीला जोडले. उलट दोन-दोन गुणांचे वर्ग पाडले तर चाळीस मुलं वीस वर्गांत विखुरतात आणि रेषा करवतीच्या दात्यांसारखी होते. चाळीस-पन्नास मुलं आणि चाळीस गुण असतील तर पाचाची रुंदी ठीक बसते. दोन्ही तुकड्यांना वर्ग तेच हवेत, आणि वर्ग कुठून सुरू करायचे हे निकाल बघण्याआधी ठरवलेलं बरं, म्हणजे हवी ती टेकडी उभी करण्याचा मोह होत नाही.

विरोधातला एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. आयतालेखात प्रत्येक स्तंभ म्हणजे इतकी मुलं, हे कुणालाही कळतं. बहुभुजाच्या तिरप्या रेषेवर मात्र कुणीच मूल बसलेलं नसतं. हे मान्य. म्हणून एका तुकडीपुरता विचार असेल तेव्हा आयतालेखच लावावा. आणि ‘किती मुलं पास?’ याचं उत्तर बहुभुजातून काढायला जाऊच नये. चाळिसातले ३५ टक्के म्हणजे १४, आणि १४ हा १०–१५ या वर्गाच्या पोटात आहे. त्या वर्गातल्या ब च्या नऊ जणांपैकी किती १३ वर अडकले आणि किती १४ ला काठावर पार झाले, हे आलेखाला माहीत नाही. त्यासाठी गुणयादीच बघावी लागेल. ती बघताना १२-१३ वर कुणीच नाही आणि १४ वर गर्दी असं आढळलं, तर ती गर्दी मुलांनी केलेली नसून तपासणाऱ्याच्या लाल पेनाने केलेली असण्याची शक्यता जास्त.

यावरूनच सगळ्यात महत्त्वाची अट निघते. दोन रेषा एकाच कागदावर आणायच्या तर पेपर एकच हवा आणि तपासणीही एकाच मापाची. अ चे पेपर एका शिक्षकाने आणि ब चे दुसऱ्याने तपासले असतील, तर आलेखावर दोन तुकड्यांबरोबर दोन हातांची तुलनाही उमटते. ओळखायची एक खूण आहे. आकार सारखाच राहून एक रेषा अख्खीच्या अख्खी दोन-तीन गुणांनी सरकलेली दिसली, तर मुलांआधी तपासणीवर संशय घ्यावा. दोघांनी एकमेकांचे दहा-दहा पेपर, आधीचे गुण झाकून, पुन्हा तपासले की अर्ध्या तासात उलगडा होतो. आपल्या उदाहरणात रेषा सरकलेली नाही, आकारच वेगळा आहे. नुसत्या सैल किंवा कडक हाताने एका टेकडीच्या दोन होत नाहीत.

आणि लहान शाळा? पाटण किंवा जतच्या एखाद्या शाळेत तुकडीत बारा-पंधरा मुलं असतात. तिथे एक मूल म्हणजे सात-आठ टक्के, आणि एकाचा ताप रेषेला टेकडी चढवतो. पंचवीसच्या खाली पट असेल तर बहुभुज काढूच नये असं माझं मत आहे. तिथे ० ते ४० ची एकच आडवी रेघ ओढावी, तिच्या वर एका तुकडीच्या प्रत्येक मुलाचा एक ठिपका द्यावा आणि खाली दुसऱ्या तुकडीचा. पंधरा ठिपके मोजायला वर्ग लागत नाहीत, टक्केही लागत नाहीत, आणि १४ ची उभी रेघ मारली की काठावरचं प्रत्येक मूल आपापल्या जागेवर दिसतं.